एका वर्षाचा रिफंड दुसऱ्या वर्षाच्या डिमांडमध्ये वळता करून घ्यावा का?

प्रश्न: सर, नमस्कार. दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. आकारणी वर्ष २०२४-२५ साठी आयकर खात्याची ३२,४०० रुपयांची डिमांड १२ डिसेंबरला ईमेलवर आली. त्या वर्षी जुनी कर पद्धत घेतली, पण फॉर्म १०-आयईए भरायचा राहिला. डिमांड बरोबर आहे, असं सीए म्हणतात. २०२५-२६ चं रिटर्न सप्टेंबरमध्ये जुन्या पद्धतीनंच भरलं. त्यात ४६,२०० रुपये रिफंड निघतो, पण अजून 'प्रोसेसिंग'च दिसतं. रिफंडातून डिमांड वळती करा, असा अर्ज दिला तर खिशातून काही भरायला नको, असा विचार आहे. हाताशी ३५ हजार आहेत. ते कंपनीच्या बिलाचे आहेत. ३१ जानेवारीपर्यंत भरले तर ५ टक्के सूट मिळते. बाकी पैसा उधारीत अडकला आहे, कापूस विकल्याशिवाय लोक देत नाहीत. काय करू?

उत्तर: अर्ज द्यायचा की नाही, हे मी नंतर सांगतो. आधी आज संध्याकाळी एक गोष्ट तपासा. ज्या चुकीमुळे २०२४-२५ ची डिमांड आली, तीच चूक २०२५-२६ मध्ये तर झाली नाही ना?

दुकानदारीचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी कर पद्धत हवी असेल, तर रिटर्नमध्ये नुसती खूण करून भागत नाही. रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. २०२५-२६ साठी ज्यांना ऑडिट लागत नाही त्यांची मुदत १६ सप्टेंबर २०२५ ला संपली. आयकराच्या पोर्टलवर `e-File → Income Tax Forms → View Filed Forms` इथे जा आणि १०-आयईएची पोच आहे का, ती कोणत्या तारखेची आहे, ते बघा. रिटर्नच्या प्रतीवरही त्या फॉर्मची तारीख आणि पोच क्रमांक लिहिलेला असतो. ती जागा कोरी असेल तर काळजी करायला कारण आहे.

तुम्ही आकडे सगळे दिलेले नाहीत, म्हणून तुमच्यासारखंच एक उदाहरण घेतो. दुकानाचा नफा ५,३६,६०० रुपये. गोदाम एका कंपनीला भाड्यानं दिलेलं, वर्षाचं भाडं ४,६२,०००. त्यावर १० टक्के म्हणजे ४६,२०० टीडीएस कापला गेला. भाड्यातून ३० टक्के वजावट गेली की ३,२३,४०० उरतात, एकूण उत्पन्न ८,६०,०००. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाचं २ लाख व्याज, ८०सी खाली दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार वजा होतात. उरतात ४,८५,०००, आणि ५ लाखांच्या आत असल्यानं कर शून्य. म्हणून सगळा टीडीएस परत, ४६,२०० रुपये.

आता १०-आयईए नाही असं धरा. मग खातं नव्या पद्धतीनं हिशेब करणार. तिथे या तिन्ही वजावटी नाहीत. ८,६०,००० वर २०२५-२६ च्या दरानं ३६,००० कर आणि ४ टक्के उपकर, मिळून ३७,४४०. टीडीएसमधून तो वजा गेला की रिफंड उरतो ८,७६० रुपये. ज्याच्या भरवशावर ३२,४०० ची डिमांड सोडून द्यायची, तो रिफंड डिमांडच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही.

असं निघालं तर ३१ डिसेंबरच्या आत सीएंकडून सुधारित रिटर्न भरून घ्या. ती मुदत त्या दिवशी संपते. मग वळते करण्याचा विचार सोडा. फॉर्म वेळेत भरलेला असेल तर पुढचं वाचा.

रिटर्नमध्ये मागितलेला रिफंड आणि खात्यानं ठरवलेला रिफंड यात फरक आहे. कलम २४५ नुसार रिफंड देय झाला किंवा देय असल्याचं आढळलं, तरच तो जुन्या डिमांडमध्ये वळता करता येतो. तुमचं रिटर्न अजून प्रोसेसिंगमध्ये आहे, म्हणजे खात्याच्या वहीत तो रिफंड अजून जन्मलेलाच नाही. कलम १४३(१) ची सूचना आली आणि तिच्यात रक्कम मान्य झाली, तेव्हा तो खरा. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नची ही सूचना काढायला खात्याला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. पुढच्या आठवड्यात येईल, नाहीतर वर्षही लागेल. आणि आली की रिटर्न प्रोसेस करणारं खात्याचं बेंगळुरूचं केंद्र तुम्हाला कळवून बहुधा आपणच वळतं करतं, त्यासाठी तुमचा अर्ज लागतोच असं नाही. त्यामुळे 'वळते करा' या विनंतीपेक्षा त्याच अर्जातल्या दुसऱ्या विनंतीची किंमत जास्त आहे.

डिमांडची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. तुमचे ३० दिवस ११ जानेवारीला संपतात, आणि तो रविवार आहे. त्या मुदतीच्या आत अर्ज केला तर कलम २२०(३) खाली अधिकारी मुदत वाढवून देऊ शकतात किंवा हप्ते पाडून देऊ शकतात. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला ते कलम लागत नाही. अधिकारी ते देतीलच असं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे मुदत मिळाली, असंही धरू नका. मुदत न मिळता पैसे थकले तर तुम्ही कायद्यानं थकबाकीदार ठरता. मग दंडही होऊ शकतो आणि बँक खात्यावर जप्तीची कारवाईही. दुकानाचं चालू खाते अडकलं तर कंपनीचा चेक परत जाईल.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मुदत वाढवून मिळाली तरी कलम २२०(२) चं व्याज थांबत नाही. दर महिना १ टक्का, महिन्याचा तुकडा असला तरी पूर्ण महिना धरतात. तुमच्या डिमांडवर महिन्याला ३२४ रुपये. रिफंडावर खातं तुम्हाला अर्धा टक्का देतं, म्हणजे ४६,२०० वर २३१ रुपये, आणि ते तुमच्या उत्पन्नात धरून करपात्र. शिवाय डिमांड भरा किंवा न भरा, ते २३१ तुम्हाला मिळणारच आहेत. म्हणून थांबण्याची किंमत काढताना ते वजा करू नका. किंमत सरळ ३२४ रुपये महिना, म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांचं कर्ज. सगळं वर्ष थांबलात तर ३,८८८ रुपये.

आता त्या ३५ हजारांकडे बघू. ३१ जानेवारीच्या आत कंपनीला भरले तर ५ टक्के म्हणजे १,७५० रुपये वाचतात. डिमांडचं व्याज त्या रकमेपर्यंत पोचायला पाच महिन्यांहून जास्त लागतात. म्हणून कंपनीचे पैसे कंपनीलाच द्या, यात मला शंका नाही. पण डिमांड भरण्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. महिन्याला ३ टक्क्यांनी पैसा उचलून १ टक्क्याचं देणं फेडणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

कापूस विकून फेब्रुवारीत उधारी आली की डिमांड स्वतः भरून टाका, वळते होण्याची वाट बघत बसू नका. जानेवारीचा तुकडा आणि फेब्रुवारी धरून दोन महिन्यांचं व्याज ६४८ रुपये जाईल. १,७५० च्या सुटीसमोर ते चालतं. रिफंड नंतर पूर्ण हाती येईल. थोडी उधारी आधी आली तर १० हजार आधी भरा. मग व्याज २२,४०० वरच चढेल.

म्हणून अर्ज द्या, पण मुख्यतः वेळेसाठी. पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये आकारणी अधिकारी कोण ते दिसतं. त्यांच्या नावे, शुक्रवार ९ जानेवारीपर्यंत कार्यालयात द्या आणि प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. ईमेलवरही पाठवा, पण शिक्का सोडू नका. मजकूर साधारण असा ठेवा:

"माझा पॅन अमुक. आकारणी वर्ष २०२४-२५ ची ३२,४०० रुपयांची मागणी (मागणी संदर्भ क्रमांक अमुक) मला १२ डिसेंबर २०२५ रोजी मिळाली. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात (पोच क्रमांक अमुक) मी ४६,२०० रुपयांचा परतावा मागितला असून त्यावर प्रक्रिया सुरू आहे. हंगामी व्यवसायामुळे रक्कम तातडीने भरणे शक्य नाही. कलम २२०(३) अन्वये २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी. तोपर्यंत परतावा निश्चित झाल्यास कलम २४५ अन्वये मागणीत वळता करण्यास माझी हरकत नाही."

'मागितला' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. 'तुमच्याकडे माझे ४६,२०० बाकी आहेत' असं लिहू नका, ते अजून खरं नाही. सोबत नोटिशीची आणि दोन्ही वर्षांच्या पोचांची प्रत लावा, १०-आयईएची पोचसुद्धा. फॉर्म सापडला नाही तर शेवटचं वाक्य आणि परताव्याचं वाक्य काढून फक्त मुदत मागा.

पोर्टलवर `Pending Actions → Response to Outstanding Demand` मध्येही उत्तर द्यावं लागतं. तिथे 'डिमांड बरोबर आहे' असं एकदा नोंदवलं की मागे फिरता येत नाही. म्हणून सीएंनी आकडा रुपयापर्यंत जुळवल्यावरच ते बटण दाबा.

आणि भरताना चलान नीट भरा. इथे झालेल्या चुका मी वारंवार दुरुस्त केल्या आहेत. आकारणी वर्ष २०२४-२५ निवडायचं, चालू वर्ष नाही. प्रकार ४०० (नियमित आकारणीवरील कर) घ्या, ३०० नाही. ते चुकलं तर पैसे खात्यात जमा होतात, पण डिमांड तशीच राहते, आणि पुढे रिफंडातूनही तीच रक्कम कापली जाते. मागणी संदर्भ क्रमांकावरून भरलं तर ही चूक बहुतेक टळते. भरल्यावर त्याच पानावर चलानाचा तपशील टाका आणि अधिकाऱ्यांना दोन ओळींचं पत्र द्या, की मागणी भरली आहे, वळते करण्याची विनंती मागे घेत आहे. त्या पत्रावरही आवक शिक्का घ्या.