पेज तयार आहे, पण सुरू होत नाही

"पेज तयार आहे, पण सुरू करायला हात धजत नाही. कुणीच ऑर्डर दिली नाही तर? ओळखीचे हसले तर? अजून थोडी तयारी करून मग करू का?"

शब्द थोडेफार बदलतात, पण समुपदेशक म्हणून माझ्याकडे ही काळजी वर्षभर येत असते. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय बावीस. वडिलांची चहाची टपरी. आसपासच्या ऑफिसांत चहा पोहोचवायची त्याची योजना होती आणि त्यासाठी त्याने पेजही बनवलं होतं. दोन महिन्यांत नाव तीनदा बदललं आणि लोगो अकरा झाले, पण पोस्ट एकही टाकली नव्हती.

"लोगो बदलल्यावर कसं वाटतं?" मी विचारलं.

"बरं वाटतं. त्या दिवशी तरी टाकायचं नसतं ना."

तयारी आणि टाळाटाळ यांतला फरक इथेच कळतो. तयारीतून काहीतरी गिऱ्हाइकाच्या जवळ सरकतं. टाळाटाळीतून आपल्याला तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानेच उद्याचं टाळणं आणखी सोपं होतं. याला "तू कर रे, कुणी हसत नाही" असं सांगून उपयोग नसतो. घरचे ते सांगून थकलेले असतात. शिवाय ते खरंही नसतं. कुणीतरी हसतंच.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून बदलायच्या पद्धतीने, काम करते. ती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तरुणपणी स्वतःची भीड घालवायला बागेत बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलायला सुरुवात केली होती. पुढे भेटायला एकही आली नाही, पण भीती ओसरली. म्हणून "हसणार नाहीत" इथे मी थांबत नाही. "हसले, मग पुढे काय?" इथपर्यंत माणसाला नेते.

तो म्हणाला, "मग कॉलेजातल्या सगळ्यांना कळेल, की मी चहावाल्याचा मुलगा आहे."

आता कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्या पेजवर कप होते, वाफ होती, पण टपरी नव्हती आणि बाबाही नव्हते.

मी विचारलं, "टपरीवर कुणी चहाला नावं ठेवली, तर बाबा काय करतात?"

"दुसरा देतात."

"आणि मग?"

"मग काही नाही. एकदा एकाने सगळ्यांसमोर कप ओतून टाकला, 'हा काय चहा आहे?' म्हणाला. बाबांनी दुसरा टाकला. रात्री घरी म्हणाले, आज पत्ती कमी पडली." तो थांबला. बराच वेळ बोटाने टेबलाची कड घासत राहिला. "ते पत्तीबद्दल बोलले. मी असतो तर... मला वाटलं असतं, मीच फालतू आहे."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. चूक चहाची आणि किंमत माणसाची, ही गफलत मी एरवी चार सत्रांत समजावते. त्याने ती वडिलांच्या एका वाक्यात स्वतःच पकडली. त्या दिवशीचं समाधान अजून माझ्याबरोबर आहे.

मग आम्ही प्रयोग आखला. चालत पाच मिनिटांच्या आतली तीनच ऑफिसं, वेळ अकरा ते एक, एकच आठवडा. तो नसताना टपरीवर कोण थांबणार, हे आधी वडिलांशी बोलून ठरवायचं, कारण ती अडचण खरी होती, मनाची नव्हती. आणि पोस्ट टाकण्याआधी कागदावर अंदाज लिहायचा. त्याने लिहिलं : "ऑर्डर शून्य. हसणारे पाच. भीती शंभरात नव्वद."

पहिल्या दिवशी चार ऑर्डरी आल्या. एक चहा गार पोहोचला, कारण कप टपरीवरच भरून नेले होते. दुसऱ्या दिवसापासून थर्मास नेऊन दारात कप भरायला लागला. आणि हसणारा एक निघाला. वर्गातल्याच मुलाने खाली लिहिलं, "शेवटी चहाच विकायला लागलास?"

"वाचल्यावर भीती किती होती?"

"नव्वदच. पोस्ट काढून टाकणार होतो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून फोन आला, म्हणून आधी चहा द्यायला गेलो. परत आलो तेव्हा चाळीस असेल."

भीती अशीच उतरते, पण त्यासाठी ती टोकाला असताना पोस्ट जागेवर राहावी लागते. चढत्या भीतीत काढून टाकली, की मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. आठवडेच्या आठवडे झोप आणि भूक उडाली असेल, किंवा घराबाहेर पडणंच थांबलं असेल, तर असे प्रयोग एकट्याने करू नयेत. आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं.

शेवटच्या सत्राला त्याने पेज दाखवलं. ती कमेंट तशीच होती. तिच्या वरच्या फोटोत बाबा गाळणीतून चहा ओतत होते, आणि लोगो अजूनही अकरावाच होता.