दोन पद्धती आणि ऑपरेटिंग कॅशचा एकच आकडा

प्रश्न: कॅश फ्लो स्टेटमेंट डायरेक्ट मेथडने केलं काय किंवा इनडायरेक्टने केलं काय, ऑपरेटिंग कॅश सारखीच येते. एकीत सुरुवातच नफ्यापासून होते, दुसरीत नफा कुठे दिसतही नाही. मग उत्तर जुळतं कसं? स्टेप्स पाठ आहेत, कारण कळत नाही.

उत्तर:

एक लहान उदाहरण दोन्ही पद्धतींनी सोडवून बघू. व्याज आणि कर मुद्दाम बाजूला ठेवतो, त्यांनी तर्क बदलत नाही.

एका व्यवसायाची वर्षाची विक्री 500, सगळी उधारीवर. विकलेल्या मालाची किंमत 300, पगार आणि इतर खर्च 90, घसारा 40. शिवाय जुनं मशिन पुस्तकी किमतीपेक्षा जास्त भावाने विकल्यामुळे 10 नफा झाला. म्हणजे निव्वळ नफा 80. ताळेबंदात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेल्या शिल्लका अशा: डेटर्स 60 वरून 85, स्टॉक 40 वरून 55, क्रेडिटर्स 30 वरून 50 आणि द्यायचे राहिलेले खर्च 12 वरून 7.

आधी डायरेक्ट. गिऱ्हाइकांकडून प्रत्यक्ष किती पैसे आले हे काढायला डेटर्सचं खातं उघडा. सुरुवातीला 60 येणं होतं, वर्षात 500 ची भर पडली, शेवटी 85 येणं उरलं. मधले 475 वसूल झाले, दुसरीकडे जायला त्यांना वाटच नाही. पुरवठादारांसाठी दोन पायऱ्या लागतात. 300 चा माल विकला आणि तरी स्टॉक 15 ने वाढला, म्हणजे खरेदी 315 ची झाली. त्यात सुरुवातीचं देणं 30 मिळवा, शेवटचं 50 वजा करा, दिले 295. खर्चाचे दिले 12 + 90 − 7, म्हणजे 95. आता 475 मधून 295 आणि 95 वजा केले की उरतात 85.

इनडायरेक्टमध्ये नफा 80 घ्या. घसाऱ्याचे 40 परत मिळवा, कारण त्यापोटी कोणाला पैसे दिलेले नाहीत. मशिनवरचा नफा 10 वजा करा, कारण मशिन विकून आलेली पूर्ण रक्कम इन्व्हेस्टिंगमध्ये दाखवायची असते आणि हे 10 तिच्यातच आहेत. आले 110. मग डेटर्सचे 25 आणि स्टॉकचे 15 वजा, क्रेडिटर्सचे 20 अधिक, राहिलेल्या खर्चांचे 5 वजा. पुन्हा 85.

आता डायरेक्टची तीच उत्तरं जरा उकलून लिहा. 475 म्हणजे 500 − 25. 295 म्हणजे 300 + 15 − 20. आणि 95 म्हणजे 90 + 5. एका ओळीत मांडलं की असं दिसतं:

(500 − 25) − (300 + 15 − 20) − (90 + 5) = 85

कंस सोडवून नफातोटा पत्रकातले आकडे एका बाजूला आणि ताळेबंदातले फरक दुसऱ्या बाजूला लावा:

(500 − 300 − 90) − 25 − 15 + 20 − 5 = 85

पहिल्या कंसात आले 110, म्हणजे घसारा आणि मशिनचा नफा काढून टाकल्यावरचा नफा. पुढची चार पदं म्हणजे तुम्ही पाठ केलेल्या इनडायरेक्टच्या ओळी. तेच आकडे, त्याच चिन्हांनी, फक्त वेगळ्या क्रमाने. डायरेक्टमध्ये प्रत्येक ओळ आधी रोखीत बदलतो आणि मग बेरीज करतो. इनडायरेक्टमध्ये बेरीज आधीच झालेली असते, तिचंच नाव नफा, आणि दुरुस्त्या शेवटी एकत्र करतो. डायरेक्टमध्ये घसारा दिसत नाही कारण तो रोखीचा नसल्याने यादीत घेतलेलाच नाही. इनडायरेक्टमध्ये तो नफ्यात आधीच वजा होऊन बसलेला असतो, म्हणून परत मिळवावा लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी दुहेरी नोंद आहे. विक्री नोंदवली पण पैसे आले नाहीत, तर त्या नोंदीची दुसरी बाजू कुठेतरी बसलीच पाहिजे, आणि ती बसते डेटर्समध्ये. नफा आणि रोख यांच्यातलं प्रत्येक अंतर अशा कुठल्यातरी ताळेबंदाच्या खात्यात साठलेलं असतं. म्हणून त्या खात्यांमधले फरक पकडले की अंतर नेमकं भरून निघतं. चिन्हं पाठ करण्यापेक्षा ‘या खात्यात पैसे अडकले की सुटले?’ एवढंच विचारावं असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती शिकवताना सहसा राहून जाते. दोन्ही उत्तरं जुळली म्हणजे आकडा बरोबर आहे, असं नाही. वर आपण डायरेक्टचे आकडे कॅशबुकातून घेतले नाहीत, ताळेबंदाच्या फरकांवरूनच काढले. कच्चा माल तोच असेल तर त्यातली चूक दोन्हीकडे सारखीच उतरते.

समजा त्याच वर्षी 60 चं नवं मशिन घेतलं, त्यातले 8 अजून द्यायचे आहेत, आणि ते 8 शेवटच्या 50 क्रेडिटर्समध्येच मिसळले आहेत. मालाच्या पुरवठादारांचं देणं खरं तर 42 च आहे. मग वाढ 20 ची नाही, 12 ची. पुरवठादारांना 303 दिले गेले आणि ऑपरेटिंग कॅश 85 नव्हे, 77 आहे. पण हे लक्षात न घेता दोन्ही पद्धती लावल्या, तर दोन्हींत 85 च येईल. त्यात इन्व्हेस्टिंगमध्ये मशिनचे 52 ऐवजी पूर्ण 60 गेले असं दाखवलं, तर 85 − 60 आणि 77 − 52, दोन्हींचं उत्तर 25. म्हणजे स्टेटमेंटच्या तळाची रोख शिल्लकही बँकेशी बिनचूक जुळते आणि चूक लपून राहते. नुकसान मात्र खरं असतं: व्यवसाय रोजच्या कामातून जितके पैसे कमावतो, त्यापेक्षा 8 जास्त दिसतात.

खरी डायरेक्ट मेथड, म्हणजे कॅशबुकातल्या पावत्या आणि पेमेंट्सचं वर्गीकरण करून केलेली, इथे कामी येते. तिच्यात पुरवठादारांना दिलेले 303 सरळ दिसतात, ऑपरेटिंग 77 येते आणि 85 शी न जुळल्याने शोध सुरू होतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस 7 दोन्ही पद्धतींना परवानगी देतं आणि डायरेक्टला प्रोत्साहन देतं. तरी बहुतेक कंपन्या इनडायरेक्टच वापरतात, कारण दोन ताळेबंद आणि नफातोटा पत्रक हाताशी असलं की ती तयार होते. हजारो पेमेंट्सना वर्ग लावत बसावं लागत नाही.

कॅशबुकापर्यंत जाणं शक्य नसेल तर निदान क्रेडिटर्सची यादी मागवा आणि प्रत्येक मोठं बिल कशाचं आहे ते बघा. मी तपासताना फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टरमधल्या वर्षभरातल्या खरेद्या घेतो आणि त्या प्रत्येकीसमोर बँकेतून गेलेली रक्कम लिहितो. खरेदी 60 ची आणि पेमेंट 52 चं दिसलं, की उरलेले 8 क्रेडिटर्सच्या फरकातून बाहेर काढायचे, आणि मगच दोन्हींपैकी कुठलीही पद्धत लावायची.