‘मन’ तत्सम, मग ‘पान’ तद्भव कसं?

प्रश्न: ‘मन’ आणि ‘पान’ दोन्ही सारखेच साधे, घरातले शब्द. तरी पहिला तत्सम आणि दुसरा तद्भव असं वाचलं. हे ठरतं कशावरून? कोश न उघडता ओळखता येतं का?

पुष्कळदा येतं. या दोन शब्दांपुरतं तर सगळं गुपित त्यांच्या ‘न’मध्येच आहे.

संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत तोंडोतोंडी आलेला शब्द वाटेत झिजतो. दोन स्वरांच्या मध्ये एकटाच ‘न’ असला, तर प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि मराठीने तो तसाच ठेवला. ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं, त्याचं पाणी झालं. ‘भगिनी’ची बहीण झाली. ‘स्थान’चं ठाण झालं, जे आपण मांडून बसतो. ‘जन’ तर दोन्ही रूपांत आपल्याकडे आहे: भाषणात ‘जन’, आणि पंगतीत मोजायला ‘चार जण’.

जोडाक्षराचं मात्र उलटं झालं. ‘पर्ण’मधला ‘र’ प्राकृतात ‘ण’मध्ये विरून गेला आणि ‘पण्ण’ झालं. मराठीने पुढे ती जोडी मोडून एकच व्यंजन ठेवलं, भरपाई म्हणून आधीचा ‘प’ दीर्घ करून ‘पा’ केला, आणि जोडीतल्या ‘ण’चा ‘न’ झाला. म्हणून पान. तसंच कर्ण, कण्ण, कान. तसंच अरण्य, रण्ण, रान.

आता ‘मन’ या चाळणीत टाका. संस्कृतात त्यात ‘न’ एकटा आहे, जोडाक्षर नाही. तो वारशाने आला असता तर आपण ‘मण’ म्हणालो असतो. प्राकृतात ‘मण’ आहेच. ज्या अर्थी ‘न’ शाबूत आहे, त्या अर्थी शब्द संस्कृतातून सरळ उचललेला आहे. ‘वन’, ‘धन’, ‘दान’ यांचंही तेच. अर्थ जवळपास एकच असून ‘रान’ तद्भव आणि ‘वन’ तत्सम, ते यामुळे. शब्द किती घरगुती वाटतो यावरून काहीच ठरत नाही.

‘ल’चीही अशीच गोष्ट. एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला: फल-फळ, मूल-मूळ, जाल-जाळं. जोडीतला ‘ल’ मात्र ‘ल’च राहिला. याचा माझा आवडता नमुना म्हणजे ‘काळ’ आणि ‘काल’. वेळ या अर्थाचा ‘काळ’ आला संस्कृत ‘काल’पासून. आणि आजच्या आधीचा दिवस तो ‘काल’ आला ‘कल्य’पासून, ‘कल्ल’ होऊन. म्हणजे जो शब्द हुबेहूब संस्कृतासारखा दिसतो, त्याचा त्या संस्कृत ‘काल’शी संबंध नाही, आणि वेगळा दिसतो तो ‘काळ’ त्याच घरचा.

पण ‘ळ’ दिसला की लगेच तद्भव म्हणू नका. ‘निर्मळ’ बघा. हा प्राकृतातून आला असता तर ‘र्म’ टिकलाच नसता, कारण तिथे ‘निम्मल’ झालं होतं. म्हणजे शब्द उचलला संस्कृतातून आणि जीभ मराठी म्हणून फक्त शेवटच्या ‘ल’ला वळण मिळालं. ‘केवळ’मध्येही मधला ‘व’ झिजलेला नाही, तोही याच जातीचा दिसतो. अशा अर्धवट रुळलेल्या शब्दांना अर्धतत्सम म्हणतात. ‘भक्त’चं घर यासाठी पाहण्याजोगं आहे. संस्कृतात ‘भक्त’चा एक अर्थ वाढलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ, तो ‘भत्त’ होऊन आपल्या ताटात ‘भात’ म्हणून आला. देवाचा तो ‘भक्त’ जसाच्या तसा उचलला. आणि अंगात येणारा गावचा ‘भगत’ उशिरा उचलून बोलण्यात घासला गेला. तिघांचं मूळ एक, यायच्या वाटा तीन.

आणखी एक अडचण. ही ‘न-ण’ची कसोटी प्रमाण मराठीच्या रूपांवर लावायची. आमच्या वऱ्हाडात ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तिथे ही चाळणी फाटते. शिवाय ‘गुण’, ‘गण’, ‘कण’ यांत संस्कृतातच ‘ण’ आहे, त्यामुळे तिथे या खुणेचा काही उपयोग नाही.

तुमच्या ‘पान’बद्दल राहिलंच. झाडाचं पान तद्भव, हे वर आलं. पण ‘मद्यपान’, ‘धूम्रपान’ यांतलं ‘पान’ वेगळं आहे. ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचं, एकट्या ‘न’चं आणि न झिजलेलं, म्हणून तत्सम. पाणी त्याचं नातलग. विड्याचं पान नव्हे.