बेरोजगारीचा दर: आधी छेद विचारा

दर महिन्याला बेरोजगारीचा नवा आकडा जाहीर झाला की माझ्या मेलवर त्याच चार-पाच शंका पुन्हा येऊन पडतात. त्यातल्या निवडक इथे घेतो.

मुलाने हिंजवडीची नोकरी सोडली. दोन महिने दुसरी शोधतोय. ही संरचनात्मक बेरोजगारी का?

नाही, ही घर्षणात्मक. त्याचं कौशल्य बाजारात चालतंय, फक्त जागा आणि माणूस यांची गाठ पडायची आहे. सहा महिने उलटूनही मुलाखतीला बोलावणी येत नसतील, तर मात्र त्याच क्षेत्रातल्या एखाद्या अनुभवी माणसाला त्याचा बायोडाटा दाखवा.

रोजगार केंद्रात नाव नोंदवलंय. म्हणजे सरकारी दरात मी मोजला जातो ना?

नाही. तो दर घरोघरी होणाऱ्या श्रमशक्ती सर्वेक्षणातून निघतो, नोंदणीच्या यादीतून नव्हे. यादीत नोकरी लागलेलेही पडून असतात.

व्हॉट्सॲपवर आलंय की आठवड्यात एक तास काम केलं तरी सरकार रोजगार धरतं. सगळी फसवणूक आहे का?

अर्धं खरं आहे, आणि त्रास त्या अर्ध्याचाच जास्त होतो. एक तासाचा नियम चालू साप्ताहिक स्थिती या मोजणीत आहे आणि तो आंतरराष्ट्रीय पद्धतीतूनच आलेला आहे. दुसरी मोजणी वर्षभराची, तिला नेहमीची स्थिती म्हणतात. तिच्यात वर्षातला जास्त काळ माणूस काय करत होता हे आधी पाहतात, आणि निदान 30 दिवसांचं दुय्यम कामही जमेस धरतात. म्हणून 2023-24 या एकाच वर्षाचा दर वर्षभराच्या मोजणीने 3.2 टक्के आणि साप्ताहिक मोजणीने 4.9 टक्के आला. दोन्ही बरोबर आहेत. एका वर्षाचा आकडा एका मोजणीतून आणि पुढच्याचा दुसरीतून उचलून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणारे फॉरवर्ड मात्र सरळ पुसून टाका.

आमच्या शाळेच्या मुलांनी गावाची पाहणी केली. लोकसंख्या 5,200, काम करणारे 2,160, बेरोजगार 240. म्हणजे दर 4.6 टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तर बेरोजगार 140 वर आले, काम करणारे तेवढेच. सरपंच म्हणतात बातमी द्या. देऊ का?

थांबा, बातमी देऊ नका. सर, तुमचा छेदच चुकला आहे.

बेरोजगारांना गावाच्या लोकसंख्येने भागत नाहीत. पाळण्यातलं बाळही तुम्ही नोकरीच्या रांगेत उभं केलंत! आधी 15 वर्षांखालची मुलं बाजूला काढा. तुमच्या तक्त्यात ती 1,200 आहेत, म्हणजे उरले 4,000. या 4,000 मधले जे काम करतात आणि जे काम नसून शोधतात किंवा मिळालं तर करायला तयार आहेत, तेवढेच श्रमशक्तीत: 2,160 अधिक 240, म्हणजे 2,400. बेरोजगारीचा दर 240 भागिले 2,400, म्हणजे 10 टक्के. सहभाग दर 2,400 भागिले 4,000, म्हणजे 60 टक्के. बाकीचे 1,600 जण शिकणारे, घर सांभाळणारे, म्हातारे. ते बेरोजगार नाहीत, श्रमशक्तीच्या बाहेर आहेत.

आता दुसरी पाहणी. काम करणारे 2,160 च राहिले. म्हणजे जे 100 जण बेरोजगारांतून कमी झाले, त्यांना काम लागलेलं नाही. तुमच्या फॉर्मवर त्यांच्यापुढे मुलांनी लिहिलंय, ‘आता शोधत नाही, मिळालं तरी जाणार नाही’. बहुतेक पदवी झालेल्या मुली आहेत. त्या श्रमशक्तीतूनच बाहेर पडल्या. श्रमशक्ती 2,300 झाली आणि दर 140 भागिले 2,300, म्हणजे साधारण 6.1 टक्क्यांवर उतरला. गावात एकही नवा पगार सुरू झाला नाही, तरी दर जवळपास चार टक्के-बिंदूंनी खाली आला. सहभाग दर मात्र 60 वरून 57.5 वर घसरला, तिथे चोरी पकडली जाते. आणि काम करणाऱ्यांना 4,000 ने भागा: आधीही 54 टक्के, आताही 54 टक्के. हा तिसरा आकडा फार कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिल्यांदा तोच बघावा.

उलटंही घडतं. त्याच मुलींनी ‘शेतात हात लावते’ असं सांगितलं असतं, तर बिनपगारी घरच्या शेतीत मदत करणाऱ्या म्हणून त्या काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या असत्या. देशात 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 झाला. या वाढीत पगारी नोकऱ्या किती आणि घरच्या धंद्यातली मदत किती, हे वेगळं काढल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

तुमचे फॉर्म छापायच्या आधी तालुक्याच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. विशेषतः ‘काम शोधता का’ आणि ‘मिळालं तर कराल का’ हे दोन प्रश्न मुलांनी वेगळे विचारले होते का, ते तपासून घ्या. सरकारी सर्वेक्षणात यांतला एक ‘हो’ असला तरी माणूस बेरोजगारांत धरला जातो.

तीन वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. मी बेरोजगार का?

तुम्ही काय उत्तर देता यावर ते ठरतं. ‘शिकतोय’ म्हणालात आणि तसं नोंदलं गेलं, तर सर्वेक्षणाच्या फॉर्मवर कोड 91, श्रमशक्तीच्या बाहेर. ‘नोकरी मिळाली तर उद्या जाईन’ म्हणालात, तर कोड 81, बेरोजगार. गंमत अशी की बऱ्याचदा उत्तर घरचा दुसराच माणूस देतो.

चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून मिस्टरांना काढलं, आठ महिने झाले. कुणी म्हणतं मंदी आहे, थांबा. एक संस्था 85,000 रुपयांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा कोर्स देते. काय करावं?

आठ महिने? ताई, हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात यायला हवा होता.

मंदीने गेलेली नोकरी चक्रीय. 2019 मध्ये गाड्यांची विक्री आपटली आणि पुरवठादारांनी कंत्राटी माणसं कमी केली. अशा वेळी मागणी परतली की तीच मशीन, तेच काम परत येतं. संरचनात्मक बेरोजगारीत कामच परत येत नाही. गिरणगाव आठवा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. जुनाट गिरण्यांना भिवंडीच्या यंत्रमागांची स्पर्धा आधीपासूनच होती. पुढे मुंबईत नोकऱ्या वाढल्या, पण कार्यालयांत आणि मॉलमध्ये. साच्यावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला तिथे कोण विचारणार? ‘गिरणी उघडेल’ म्हणून थांबलेल्यांची वर्षं गेली.

तुमच्याकडे कोणतं आहे ते असं ओळखा. शेजारच्या कारखान्यांत मिस्टरांच्याच कामाच्या जागा निघतात का? आणि त्यांच्या जुन्या लाईनवर ऑर्डर परतल्यावर माणसं घेतली, की रोबो बसला? माणसं घेतली असतील तर चक्रीय. ऑर्डर परतली पण माणसं नाही, तर नवीन काम शिकायलाच हवं.

पण 85,000 लगेच देऊ नका. ‘शंभर टक्के’ कशाचे, हे विचारा. पुष्कळदा जे मुलाखतीपर्यंत टिकले तेवढेच छेदात धरतात, मधे कोर्स सोडून गेलेले गायब. गेल्या बॅचमध्ये पैसे भरलेले किती आणि सहा महिन्यांनी पगार घेणारे किती, हे लेखी मागा. देत नसतील तर उठून या. त्याआधी जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात आणि सरकारी आयटीआयमध्ये कमी खर्चाच्या प्रशिक्षणाची चौकशी करून बघा. कामावरून काढल्याची भरपाई आणि ग्रॅच्युइटी यांचं काय झालं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ती कागदपत्रं घेऊन याच आठवड्यात कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. दाव्यांना मुदत असते.