पंखा बदलण्याआधी आदर्श कार्यक्षमता काढ

तुझ्या बोटीच्या पंख्याचा हिशोब बघितला. पंख्यातून जाणाऱ्या पाण्याचा वेग तू बोटीचाच धरलास, तिथे चुकलं. पंखा पाणी आधीच ओढून घेतो. पाण्याच्या वेगात एकूण जी वाढ होते, तिची निम्मी पाती फिरतात त्या चकतीपाशी पोचेपर्यंतच झालेली असते, उरलेली मागे होते. म्हणून येणाऱ्या पाण्याचा वेग V आणि ही निम्मी वाढ u धरली, तर चकतीपाशी वेग V+u आणि मागे दूरवर V+2u. थ्रस्ट T, पाण्याची घनता ρ, चकतीचं क्षेत्रफळ A आणि आदर्श कार्यक्षमता η:

T = ρA(V+u)·2u
η = V/(V+u)

तुझेच आकडे घेऊ: व्यास 0.2 मीटर, वेग 3 मी/से, थ्रस्ट 150 न्यूटन. क्षेत्रफळ 0.0314 चौ. मी. u येतो 0.65, म्हणजे η साधारण 82 टक्के. उपयोगी शक्ती 450 वॉट, पण पाण्याला द्यावी लागते 548. वरचे 98 वॉट मागच्या धारेत वाहून गेले. व्यास 0.3 केलास तर तेवढ्याच थ्रस्टला η 90 वर जाते, कारण जास्त पाणी हळू ढकललं जातं. पण शाफ्टखाली तेवढी जागा आहे का, ते आधी मोजून घे.

ही वरची मर्यादा आहे. पाण्याचं फिरणं आणि पात्यांचं घर्षण यात नाही. पुण्यातल्या तलावावर आमच्या चाचणीत एकदा 86 टक्के आले, आम्ही पेढे वाटायच्या बेतात! मग कळलं, थ्रस्ट मोजणारा स्प्रिंगकाटा शून्यावर आणलाच नव्हता. आणि V बोटीचा नव्हे, पंख्याकडे येणाऱ्या पाण्याचा घे. बुडाच्या मागे तो कमी असतो.