भीमाशंकरच्या वाटेवरच्या पाटीचा अर्थ काय लावायचा?

प्रश्न: आम्ही पाच जण ऑक्टोबरअखेर खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जाऊन त्याच दिवशी परत येणार आहोत. मित्राने वाटेवरच्या पाटीचा फोटो पाठवलाय. त्यावर लिहिलंय: ‘आग्यामोहोळ प्रवण क्षेत्र, धूर व सुगंधी द्रव्ये टाळा. वन्यप्राण्यांचा वावर. ऑरेंज/रेड अलर्ट असल्यास प्रवेश बंद. प्रवेश स. ६ ते दु. ३. सायं. ६ पूर्वी वनक्षेत्र सोडणे बंधनकारक.’ साडेनऊला चढायला लागलो तर चालेल ना? तीनपर्यंत प्रवेश आहे म्हणजे वेळ भरपूर आहे.

उत्तर:

नाही, साडेनऊला निघून जाऊन-येऊन जमणार नाही. पाटीवर दोन वेळा आहेत आणि तुमच्या कामाची दुसरी आहे. दुपारी तीन ही आत सोडण्याची शेवटची वेळ. जवळपास जाऊन परतणाऱ्यालाही ती लागू असते. पूर्ण चढाई करणाऱ्याने संध्याकाळचे सहा धरायचे आणि तिथून उलटा हिशोब करायचा.

खांडस ते भीमाशंकर चढ साधारण ८०० मीटरचा आहे. सरावाचे लोक लवकर जातात, पण पाच जणांच्या मिश्र गटाला वर जायला पाच तास आणि उतरायला चार तास धरा. उतार सोपा वाटतो, पण थकलेले गुडघे आणि सुटे दगड यांमुळे तिथे वेग फारसा वाढत नाही. दर्शन, जेवण आणि विश्रांतीला एक तास. झाले दहा तास. साडेनऊला निघालात तर अडीचला वर, साडेतीनला परतीला आणि साडेसातला खाली. ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणजे शेवटचा दीड तास काळोखात, तोही वेळेची मर्यादा ओलांडून. हे अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अभयारण्यातल्या प्रवेशावर निर्बंध आहेत, त्यामुळे ही वेळ म्हणजे नुसती सूचना नव्हे.

दोन मार्ग आहेत. जाऊन-येऊनच करायचं असेल तर सकाळी सातला चढायला लागा, म्हणजे पाचला खाली याल आणि हाताशी एक तास राहील. कर्जतला सकाळी उतरून रिक्षाने खांडस गाठायचं असेल तर हे अवघड आहे, आदल्या रात्री गावात मुक्काम करावा लागेल. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: साडेनऊऐवजी आठला निघा, चढून जा आणि परत उतरू नका. वरून पुण्याकडे एसटी मिळते. शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा, कारण मग तीच तुमची खरी मर्यादा.

तरीही साडेनऊलाच निघून परत यायचं ठरवलंत, तर परत फिरायची वेळ आधीच ठरवा. पाचपर्यंत खाली यायचं म्हणजे साडेसात तास हाताशी. त्यातला अर्धा तास विश्रांतीचा, उरलेल्या सातचे पाचास चार या प्रमाणात भाग करा. सव्वा वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं, देऊळ समोर दिसत असलं तरी.

आता हवामानाची ओळ. त्यात दोन गोष्टी सहज निसटतात. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यानुसार असतो. तुम्ही चढायला लागता रायगडात आणि पोचता पुणे जिल्ह्यात, त्यामुळे दोन्ही जिल्हे बघा. पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला असेल तर तोच महत्त्वाचा. दुसरं म्हणजे पाटीवर यलोचा उल्लेख नाही. यलो असताना कोणी अडवणार नाही, पण ऑक्टोबरात यलो बहुधा विजांसह पावसाचा असतो आणि तो दुपारनंतर येतो, म्हणजे नेमके तुम्ही वर उघड्यावर असताना. सकाळचं निरभ्र आकाश बघून फसू नका. अकरा-बाराच्या सुमारास ढग फुलकोबीसारखे उभे वाढू लागले आणि त्यांचा तळ काळा पडला, की पुढच्या मोकळ्या टप्प्यावर जायचं नाही.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. कडा, एकटं झाड आणि मोकळं पठार सोडून सखल, सारख्या उंचीच्या झाडीत उतरा, एकमेकांपासून अंतर ठेवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. शेजारच्या शिडी घाटात लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे अशा हवेत ‘लवकर उतरू’ म्हणून तिकडे वळू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजा दाखवतं, पण घाटात रेंज जाते. ते खालीच बघून घ्या.

आग्यामोहोळाची ओळ लोक सगळ्यात हलक्यात घेतात, आणि माझ्या मते पाटीवरची सर्वांत मोठी जोखीम तीच आहे. पावसाळा सरला की या माश्या कड्यांच्या कपारीखाली आणि उंच झाडांवर मोठी उघडी पोळी लावतात. लांबून ते काळपट अर्धगोल डागासारखं दिसतं. नीट बघितलंत तर त्यावरून कधी कधी चमकदार लाट सरकताना दिसते: हजारो माश्या एकापाठोपाठ पोट वर झटकतात. पोळ्याला धोका जाणवल्याची ती खूण आहे. ती दिसली की फोटो न काढता, न बोलता मागे सरका.

धूर म्हणजे फक्त शेकोटी नव्हे, विडी-सिगारेटही. सुगंधी द्रव्यांत अत्तर, डिओडरंट आणि सुवासिक तेल येतं, त्यामुळे त्या सकाळी यातलं काहीच लावू नका. एक माशी डसली की नांगीतून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या त्याच जागी येतात. म्हणून तिला मारू नका, हातवारे करू नका. डोकं-तोंड ओढणीने किंवा जॅकेटने झाका आणि लगेच लांब जा. त्या काहीशे मीटर पाठलाग करतात. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालतात. मात्र अरुंद वाटेवर धावू नका, अशा वेळी दरीत पडण्याचा धोका मोठा असतो. तिथे अंग झाकून, पायाखाली बघत, चालतच निघा. काटे नखाने किंवा कार्डाने जसे जमतील तसे, पण ताबडतोब काढा. जितका वेळ ते राहतील तितकं विष आत जातं. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर एका डंखातही जीव जाऊ शकतो, म्हणून १०८ किंवा ११२ ला फोन करून खाली न्यायची तयारी करा. पन्नासच्या आसपास डंख असतील तर माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात न्या, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो. गटात कोणाला माशी डसल्यावर पूर्वी त्रास झालाय का, हे निघण्याआधीच विचारा.

वन्यप्राण्यांमध्ये बिबट्या धरून चाला, पण दिवसा पाच जणांच्या गटाला तो बहुतेक टाळतो. त्याच्या वावराची मुख्य वेळ संध्याकाळ ते पहाट, म्हणून इथेही सहाची मर्यादा उपयोगी पडते. दिसलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं-बसायचं नाही. एकत्र उभं राहून हळूहळू मागे यायचं. साप जास्त भेटतात, तेव्हा दगडावर हात ठेवण्याआधी बघा आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, निघताना सेव्ह करून ठेवा.