दूरच्या नात्यातील लग्नाला येता येणार नाही, हे कसे सांगावे?

प्रश्न : वडिलांच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न आहे. प्रवासाचा खर्च मला झेपणारा नाही आणि तेवढी रजाही शिल्लक नाही. नाही म्हटले तर काका दुखावतील आणि आईवडिलांना ऐकून घ्यावे लागेल. काय करू?

उत्तर : जवळजवळ हीच अडचण घेऊन एक तरुण नोकरदार माझ्याकडे आला होता, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याची हकीकत सांगतो. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा त्याने "बघतो, प्रयत्न करतो" असे म्हणून वेळ मारून नेली होती. असे बोलणाऱ्याच्या मनात तो नकार असतो, मात्र ऐकणारा त्याला होकार समजतो आणि त्याच भरवशावर राहण्याची व जेवणाची सोय धरून चालतो. त्यामुळे नकार जितका लांबतो, तितका तो यजमानाला अधिक लागतो.

प्रथम मी त्याला कागदावर हिशेब मांडायला सांगितले. रजा दोन दिवसांची उरली होती आणि जाण्यायेण्यातच तीन दिवस जाणार होते. कुटुंबासह गेल्यास खर्चासाठी उसने घ्यावे लागले असते. हा कागद कोणाला दाखवायचा नव्हता, परंतु स्वतःचा निर्णय पक्का नसलेला माणूस एकामागून एक कारणे देत सुटतो आणि समोरचा त्या प्रत्येक कारणावर तोडगा सुचवतो, म्हणून आधी त्याची स्वतःची खात्री पटणे आवश्यक होते.

दोन्ही कारणे खरी होती, तरी काकांना रजेचेच सांगावे असे मी सुचवले. पैशांचे कारण कितीही प्रामाणिक असले तरी ते ऐकल्यावर यजमानाला "तिकिटाचे मी बघतो" असे म्हणणे भाग पडते, आणि मग दुसऱ्यांदा नाही म्हणणे पहिल्यापेक्षा अवघड होते. खोट्या आजारपणाचा पर्याय त्याच्याही मनात आला होता. पण नातेवाइकांत अशी बातमी फार वेगाने फिरते आणि चौकशीचे फोन आईवडिलांना येऊ लागतात.

हा निरोप वडिलांनी द्यावा, अशी त्याची इच्छा होती. मी ती मान्य केली नाही, कारण वडिलांमार्फत गेलेला नकार दोन भावांमधला विषय होऊन बसतो. आईवडिलांना आधी सर्व सांगावे, म्हणजे घरातून वेगवेगळी उत्तरे जाणार नाहीत; काकांना मात्र स्वतःच फोन करावा. निमंत्रण केवळ सामूहिक संदेशातून आले असते, तर काकांना एक स्वतंत्र संदेश पाठवणेही पुरले असते.

वाक्ये आम्ही मिळून ठरवली : "काका, मागे बघतो म्हणालो होतो, पण रजेचा हिशेब केला आणि लग्नाला येणं जमणार नाही. तुमची तयारी पुढे जाण्याआधी स्वतः सांगावं म्हणून फोन केला." त्यानंतर तयारीची आस्थेने विचारपूस करायची. सराव करताना काकांच्या जागी मी बोललो आणि म्हणालो, "अरे, एक दिवस तरी ये." तो लगेच गाड्यांच्या वेळा समजावू लागला. बोलणे बिघडते ते नेमके इथे, कारण वेळा सांगितल्या की दुसरी गाडी सुचवली जाते. त्याऐवजी, "तुम्ही इतक्या आपुलकीनं म्हणताय, मलाही वाईट वाटतंय, पण या वेळी खरंच जमणार नाही," एवढेच म्हणायचे आणि पुन्हा आग्रह झाला तर नवे कारण न जोडता तेच म्हणायचे.

प्रत्यक्ष फोनवर काका "ठीक आहे, मोठी माणसं झालात," असे म्हणाले. तो खट्टू झाला. माझ्या मते एवढा टोमणा मारण्याचा यजमानाला हक्क आहे आणि तो निमूट ऐकून घ्यावा. निराशा आणि राग यांतला फरक नंतरच्या वागण्यातून कळतो. त्याने आईवडिलांबरोबर आहेर पाठवला, लग्नाच्या दिवशी नवरीला शुभेच्छा कळवल्या आणि आठवड्याभराने काकांना फोन करून समारंभाची चौकशी केली. काका बराच वेळ मोकळेपणाने बोलले. त्यांनी बोलणे तोडले असते, तर काही काळ जाऊ देणे एवढेच हाती राहिले असते. त्याच महिन्यात मित्रांसोबत सहलीला जाण्याचा बेत मात्र मी त्याला पुढे ढकलायला लावला, कारण एका छायाचित्राने रजेचे कारण खोटे ठरले असते.

हेच काका त्याच्या स्वतःच्या लग्नाला लांबून आले असते, तर फोन आणि आहेर पुरेसा नव्हता; पुढच्या रजेत भेटायला येण्याची तारीख त्याच फोनवर सांगावी लागली असती.

आईला मांडवात लोक विचारणार, ही त्याची शेवटची काळजी होती. त्यासाठी तिने, "त्याला रजा मिळाली नाही, त्याने स्वतः फोन करून कळवलंय," एवढे सांगून पुढच्या माणसाशी बोलायला लागावे, असे आम्ही ठरवले आणि तिनेही तसेच केले.